कोण गेलं ते माहीत नसताना काय लिहावं?

"ताई, माझ्यासोबत काम करणाऱ्याच्या घरी काहीतरी वाईट घडलंय. कोण गेलं ते कळलं नाही, पण ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं. शोकसंदेशाच्या दोन चांगल्या ओळी द्या ना."

जळगावहून फोन करणाऱ्या या तरुणाला मी आधी तीन गोष्टी विचारल्या. गेलं कोण, कशानं गेलं, आणि त्यांच्या घरात पुढचे विधी कसे करतात? त्याला एकही सांगता येईना. म्हणून मी त्याला "मृतात्म्यास शांती लाभो" लिहू दिलं नाही. खानदेशात महानुभाव पंथाची घरं पुष्कळ आहेत, तिथे पिंडदान करत नाहीत. आपल्या सवयीचं वाक्य त्यांच्या श्रद्धेला धरून असेलच असं नाही.

माहिती नसताना जेवढं खरं आहे तेवढंच लिहावं. त्यानं ग्रुपवर न टाकता थेट पाठवलं: "भाऊ, घरी दुःखद घटना घडल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. उत्तर द्यायची घाई नको. परवा संध्याकाळी फोन करतो, उचलला नाही तरी चालेल." यात कारण विचारलेलं नाही, देवाचं नाव नाही, धीर धरा असा सल्लाही नाही.

मग मी त्याला दुसऱ्या सहकाऱ्याकडे हळूच चौकशी करायला सांगितलं. कळलं ते असं: वहिनींचं आठव्या महिन्यातलं बाळ पोटातच गेलं होतं. इकडे ग्रुपवर कुणी लिहिलं होतं, "देव पुढे भरभरून देईल." हे वाक्य मी आयांकडून वारंवार ऐकते, आणि त्यांना तेच सर्वांत जास्त लागलेलं असतं. त्यांना दुसरं मूल नको असतं, हेच हवं असतं.

अशा बाळाची दशक्रिया किंवा गंधमुक्ती बहुतेक घरांत होत नाही. म्हणजे दारावर जायचा दिवसच ठरत नाही, आणि माणसं येतच नाहीत. त्यात काही दिवसांत आईला दूध येतं. घरात पाहुणा नाही, हातात बाळ नाही, अंग मात्र बाळंतिणीचं. बापाची तर कुणी विचारपूसही करत नाही.

म्हणून दुसरा संदेश दोघांच्या नावे लिहिला: "भाऊ, वहिनी, तुमच्या बाळाबद्दल कळलं. तुम्ही दोघं त्याची किती वाट पाहत होतात! रविवारी जेवणाचा डबा घेऊन येतो. बोलावंसं वाटलं तर बसू, नाहीतर डबा देऊन निघतो." "तुमच्या बाळाबद्दल" हे शब्द मी मुद्दाम ठेवायला लावले, कारण इतर जण त्याला बाळ म्हणायचंही टाळतात. बाळाचं नाव ठेवलं असेल आणि आईबाप ते उच्चारत असतील, तर आपणही उच्चारावं.

शेवटी त्याला एकच काम दिलं. डॉक्टरांनी बाळंतपणाची दिलेली तारीख भाऊंच्या बोलण्यात आधी कधी आली असेल, तर ती लक्षात ठेव. आता मुद्दाम विचारू नकोस. त्या आठवड्यात एक फोन कर.