सायबर फसवणुकीच्या सूचना मराठीत लिहिताना काय सांभाळावं?

प्रश्न: आमच्या संस्थेला फिशिंग मेसेज आणि बनावट पेमेंट लिंकबद्दलच्या इंग्रजी सूचना साध्या मोबाइल वापरणाऱ्यांसाठी मराठीत करायच्या आहेत. शब्दशः भाषांतर केलं, पण लोक वाचतात आणि तरीही फसतात. काय चुकत असेल?

उत्तर:

बँका आणि पेमेंट ॲपसाठी असा मजकूर मी बरीच वर्षं मराठीत करतो. तुमचा मजकूर पाहिलेला नाही, पण बहुतेक ठिकाणी जी तीन वाक्यं असतात तीच तुमच्याकडेही असतील:

‘आपला ओटीपी व पिन कोणाशीही शेअर करू नका. संशयास्पद लिंकवर क्लिक करू नका. पैसे प्राप्त करण्यासाठी यूपीआय पिन प्रविष्ट करण्याची आवश्यकता नाही.’

व्याकरणात चूक नाही, इंग्रजीशी इमानही राखलंय. तरी तिन्ही वाक्यं वाचणाऱ्याला ऐन वेळी सोडून जातात.

पहिल्या वाक्यातला ‘शेअर’ बघा. फोन वापरणाऱ्याच्या डोक्यात शेअर म्हणजे व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणं, फार तर कुणाला तरी सांगणं. बनावट पानावर चौकट येते आणि तो तिच्यात ओटीपी टाइप करतो, तेव्हा आपण काही ‘शेअर’ करतोय असं त्याला वाटत नाही. त्याने कुणाला सांगितलेलं नसतं, पाठवलेलं नसतं. सूचना पाळूनच तो फसतो. म्हणून इथे दोन क्रियापदं लागतात, सांगणं आणि टाकणं: ‘ओटीपी फोनवर कुणाला सांगू नका. मेसेजमधल्या लिंकने उघडलेल्या पानावर टाकू नका.’

‘बँक कधीही ओटीपी मागत नाही’ हे वाक्य तर काढूनच टाका. बँकेचं स्वतःचं ॲप ओटीपी मागतं, ऑनलाइन खरेदीत बँकेचं पान मागतं, आणि हे लोक रोज बघतात. पार्सल घेऊन आलेल्या माणसाला तर ओटीपी तोंडी सांगावाच लागतो. अनुभवाशी न जुळणारी सूचना लोक एकदा खोटी ठरवतात आणि मग तिच्या शेजारच्या खऱ्या सूचनांवरचाही विश्वास जातो. त्यापेक्षा ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचायला सांगा. व्यवहाराच्या ओटीपीसोबत सहसा रक्कम आणि पैसे कुणाला जाणार ते लिहिलेलं असतं. लोक फक्त आकडे उचलतात आणि ती ओळ वाचतच नाहीत.

आता तिसरं वाक्य. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. ‘आवश्यकता नाही’ किंवा ‘गरज नाही’ याचा मराठीत सरळ अर्थ होतो की नाही केलं तरी चालेल. ‘चहा करायची गरज नाही’ म्हटल्यावर कुणी चहा केला तर त्याने काही मोडलं असं होत नाही. इथे तर सांगायचंय की पिन मागितला जातोय याचाच अर्थ तुमचे पैसे निघालेत. ते त्या वाक्यात कुठेच नाही.

हे का महत्त्वाचं, ते एका बनावट लिंकवरून दाखवतो. ‘तुमचा परतावा मंजूर, घेण्यासाठी इथे दाबा’ असा मेसेज येतो. त्यामागची लिंक किंवा क्यूआर कोड उघडून पाहिला तर साधारण असं काही सापडतं:

```
upi://pay?pa=abcd@bank&pn=Refund%20Dept&am=1999&cu=INR&tn=Refund
```

`pa` म्हणजे पैसे ज्याला जाणार त्याचा यूपीआय पत्ता, `pn` त्याचं नाव, `am` रक्कम आणि `tn` शेरा. यातलं नाव आणि शेरा लिंक बनवणाऱ्याने स्वतः टाइप केलेले असतात. तिथे `Refund` लिहायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. लिंक दाबली की फोनमधलं खरंखुरं पेमेंट ॲप उघडतं, रक्कम आधीच भरलेली असते आणि शेऱ्यात परताव्याचा शब्द दिसतो. ॲप ओळखीचं, पिनचं पानही नेहमीचंच. फसवणूक करणाऱ्याला पिन कळतही नाही आणि कळायची त्याला गरजही नसते. तो माणूस स्वतःच पैसे पाठवतो. अशा वेळी ‘पिन कोणालाही सांगू नका’ ही सूचना निरुपयोगी, कारण त्याने पिन सांगितलेलाच नाही. आणि ‘गरज नाही’वाली सूचना आठवलीच, तर तो म्हणणार, गरज नसेल, पण ॲप मागतंय तर टाकून बघू.

म्हणून ते वाक्य मी असं लिहितो:

‘थांबा. पैसे येताना पिन लागत नाही. पिन मागितला तर पैसे जात आहेत.’

शिल्लक बघतानाही यूपीआय पिन लागतो, हे मला माहीत आहे. त्यामुळे ‘पिन टाकला की पैसे गेलेच’ असं सरसकट लिहू नका. कुणीतरी शिल्लक बघेल, पैसे जागेवर दिसतील आणि तुमची सूचना खोटी पडेल. ‘पैसे येताना’ हे दोन शब्द त्यासाठीच आहेत. जागा असेल तर पुढे एक ओळ घाला: ‘स्क्रीनवर `Pay` किंवा `Enter UPI PIN` दिसलं तर मागे जा.’ इथली बटणांची नावं इंग्रजीतच ठेवा, कारण बऱ्याच जणांचं ॲप इंग्रजीत असतं. तुम्ही ‘देय करा’ लिहिलंत तर ते शब्द त्यांना स्क्रीनवर कुठेच सापडणार नाहीत. ॲप मराठीत असेल तर त्यात जो शब्द असेल तोच घ्या, स्वतःचा चांगला शब्द बनवायला जाऊ नका.

जाता जाता: तुमच्या जुन्या इंग्रजी मजकुरात ‘अनोळखी व्यक्तीची कलेक्ट रिक्वेस्ट मंजूर करू नका’ असं काही असेल तर तपासा. व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागायची ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. व्यापाऱ्यांकडून येणारी मागणी काही ठिकाणी अजून असते. जे पान आता समोर येणारच नाही त्याच्याबद्दल लोकांना सावध करण्यात जागा घालवू नका.

दुसऱ्या वाक्यातला ‘संशयास्पद’ हा शब्द सगळं ओझं वाचणाऱ्यावर टाकतो. त्याला संशय आला असता तर त्याने लिंक दाबलीच नसती. काही जण इथे वेब पत्ता वाचायला शिकवतात: पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा, उजवीकडचा भाग बघा, खरं नाव तिथे असतं. `mybank.kyc-update.example/login` मध्ये बँकेचं नाव सुरुवातीला दिसलं तरी पान `kyc-update.example`चं आहे. शिकवणं बरोबर आहे, वर्ग घेणार असाल तर जरूर शिकवा. पण एका ओळीच्या सूचनेत ते मावत नाही, आणि छोट्या स्क्रीनवर पत्ता अनेकदा अर्धाच दिसतो. ओळखायला सांगण्यापेक्षा वेगळी वाट द्या: ‘बँकेचं काम मेसेजमधल्या लिंकवरून करू नका. बँकेचं ॲप स्वतः उघडा.’ खरी लिंक असली तरी यात काही बिघडत नाही, म्हणून संशय घ्यायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही. आणि तुमच्या सूचनेत नमुन्यासाठीसुद्धा चालू लिंक टाकू नका. फोन तिला आपोआप निळी करतो आणि लोक तीच दाबतात.

आता मराठीची स्वतःची एक अडचण, जी इंग्रजी मसुदा लिहिणाऱ्याला जाणवत नाही. इंग्रजीत नकार वाक्याच्या तोंडाशीच येतो. आपल्याकडे तो शेपटीला असतो. ‘आपले खाते सुरू ठेवण्यासाठी आलेल्या लिंकवर क्लिक करून माहिती भरू’ इथपर्यंत वाचलेल्या माणसाने नेमकं उलटं काम करायची सूचना वाचलेली असते, ‘नका’ अजून यायचंय. लॉक स्क्रीनवर मेसेज अर्धा दिसतो, तेव्हा हेच होतं.

एसएमएस असेल तर अडचण आणखी वाढते. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. लांब मेसेजचे तुकडे पडतात तेव्हा प्रत्येक तुकड्यात ६७. यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘क्लिक’ दिसायला एवढासा, पण मोजणीत पाच. वरचं ‘प्रविष्ट करण्याची आवश्यकता नाही’वालं एकटं वाक्य ६७ भरतं, म्हणजे दुसऱ्या शब्दालाही जागा उरत नाही. माझी ‘थांबा’पासूनची तिन्ही वाक्यं मिळून ६३. जोडाक्षरं टाळली की मेसेज छोटा होतो आणि वाचायलाही सोपा जातो. ‘थांबा’ सुरुवातीलाच ठेवलाय तोही यासाठी, की पुढचं कापलं गेलं तरी तेवढं पोचावं.

सुरावरही नजर ठेवा. ‘त्वरित’, ‘अन्यथा आपले खाते गोठवण्यात येईल’, ‘ग्राहकांना सूचित करण्यात येते की’ ही भाषा फसवणूक करणारेही हुबेहूब वापरतात. तुमची सूचना त्याच थाटात गेली तर वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक कळायला काही मार्ग राहत नाही. साध्या बोलीत, ‘तुम्ही’ म्हणून, घाई न लावता लिहा. ‘फिशिंग’ शब्दाचं काय करायचं हा प्रश्नही मग आपोआप सुटतो. ‘खोटे मेसेज’ म्हणा आणि पुढे चला.

मजकूर झाला की तो साध्या वाचकाला दाखवा, पण ‘कळलं का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. फोनवर तो परताव्याचा मेसेज आणि पिनच्या पानाचं चित्र दाखवा आणि विचारा, ‘आता तुम्ही काय कराल?’ त्यासोबत बँकेचा एखादा खरा मेसेजही दाखवा, पैसे जमा झाल्याचा वगैरे. माणूस दोन्हींना घाबरला तर तुमच्या सूचनेने फक्त भीती घातली, वाट दाखवली नाही. ‘मुलाला विचारेन’ हे उत्तर आलं तर ते चांगलं उत्तर समजा. बहुतेक वेळा फसवणूक करणारा तेवढीच फुरसत मिळू देत नाही.

शेवटची ओळ पैसे गेलेल्यांसाठी ठेवा: ‘पैसे गेले? लगेच `1930` ला फोन करा, मग बँकेला.’ तक्रार लवकर पोचली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, ते खात्याखात्यांतून फिरून बाहेर पडले की कठीण होतं. ऑनलाइन तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते. बाकी मजकुरात देवनागरी अंक वापरा, पण हा नंबर `1930` असाच लिहा. डायलपॅडवर तेच अंक असतात, आणि देवनागरीत लिहिलेल्या नंबरवर बोट दाबलं तर फोन लागेलच याची खात्री नसते.