लग्नासाठी जनरेटर: भाड्यानं की विकत?

"बहिणीचं लग्न मे मधे गावातच आहे, हळद अन् लग्न मिळून दोन दिवस. लाईटचा भरोसा नाही. भाड्याचा जनरेटर रोजचे ३५०० म्हणतात, डिझेल आपलं. जुना एक ४८ हजारात मिळून राहिला. घेऊनच टाकू का?"

भाऊ, ४८ हजार अन् ७ हजार असे समोरासमोर ठेवू नका, लग्नानंतर मशीन विकली की त्यातले काही परत येतेतच. म्हणून ज्याच्याकडून घेऊन राहिले त्यालेच पहिले विचारा, सहा महिन्यानं हेच मशीन तुम्ही कितीले परत घ्यान? समजा ३४ म्हणाला. म्हणजे १४ गेले, त्यावर सर्व्हिसिंग, बॅटरी, केबल अन् चेंजओव्हर मिळून ६ धरा, झाले २० हजार.

आता रोजचं वाचते किती? पूर्ण ३५०० वाचत नाही. भाडेवाल्याच्या रेटमधे सहसा आणणं-नेणं अन् मशीन पाहणारा पोरगा राहते (हे विचारून घ्या), तुमच्या मशीनले गाडी अन् माणूस वेगळा लागनच, त्याचे रोजचे हजार धरले तर वाचले २५००. डिझेल दोन्हीकडे तुमचंच, म्हणून हिशोबात नाही. उद्या दुसरा कोणी डिझेलसहित रेट सांगितला तर मात्र आपल्या रोजच्या खर्चातही डिझेल टाका, नाहीतर उत्तर चुकते.

२० हजार भागिले २५००, म्हणजे ८ दिवस. मशीन आठ दिवस कामी आली तर बरोबरी, तुमाले लागते दोन दिवस. भाड्यानं घ्या.

आता घरचे म्हणतीन, बाकीचे सहा दिवस लोकांले भाड्यानं देऊ. मीही चुलतभावाच्या लग्नात हेच धरून मशीन घेतली होती. पण गावात सगळ्यांची लग्नं त्याच तिथींले राहतेत, एका तिथीले तीन घरचे मागाले येते अन् मधे पंधरा दिवस कोणी फिरकत नाही. पावसाळाभर ती कोठ्यात पडून राहिली, बॅटरी बसली, उंदरानं वायर कुरतडली, अन् विकाले गेलो तं ठरलेल्यापेक्षा ९ हजार कमी आले. तुमच्या हिशोबात ३४ च्या जागी २५ टाकून पहा, आठ दिवसाचे सरळ बारा होते. म्हणून ज्यानं तारीख सांगून अॅडव्हान्स दिला तेवढाच दिवस मोजा.

भाड्यात एक गोष्ट पक्की करा, त्यांचा "दिवस" कधीपासून कधीपर्यंत. हळदीच्या संध्याकाळी आणली अन् लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेली तर कोणी दोन लावते, कोणी तीन, म्हणजे ७ चे साडेदहा होऊ शकते. अन् मशीन उतरली की रिकामी नका चालवू, मांडवातले सगळे कूलर एकाच वेळी लावून अर्धा तास पहा. लाईट मंद झाले किंवा आवाज दबला तर मशीन लहान पडून राहिली, तेव्हा बदलून मागाले वेळ राहते.