पत्रातली शेवटची ओळ खोडा

*ताई, २०१३ साली मी गावातल्या पतसंस्थेतून दीड लाख उचलले. बालमित्र जामीनदार राहिला. पुढं दोन वर्षं पावसानं दगा दिला, दुकान बसलं. मी बायको-लेकरं घेऊन चाकणला आलो आणि त्याचा नंबर ब्लॉक केला. २०१६ ला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात, त्यानं बैलजोडी विकून माझे २ लाख ४० हजार भरले. वरून मी गावातल्या चौघांना सांगितलं होतं की निम्मे पैसे त्यानंच वापरले. ते खोटं होतं. आता हाताशी लाखभर आहेत. माफीचं पत्र लिहिलंय, सोबत पाठवतोय. येळवशीच्या सणाला सगळे शेतात असतात, तेव्हा त्याच्या हातात द्यावं म्हणतो. कसं वाटतं?*
*— एक वाचक, औसा तालुका*

भाऊ, तुमचं मित्राला लिहिलेलं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्या वाचनात वाटलं की एखादं पान राहून गेलं असावं. मला मोकळेपणानं लिहिलेलं ते खोटं त्या पत्रात कुठंच नाही. पैसे बुडाल्याचं आहे, नंबर बंद केल्याचं आहे, दुष्काळ तर चांगला पानभर आहे. पण बैल गेल्याचं दुःख त्याचं त्यानं सोसलं असेल. पारावर बसलेली माणसं आपल्याकडं बघून गप्प होतात, हे नऊ-दहा वर्षं सोसणं वेगळं. ते तुम्ही वगळलंत, तर पहिल्याच वाचनात त्याला कळेल की अजूनही तुम्ही सोयीचं तेवढंच कबूल करताय.

म्हणून पत्राच्या आधी एक काम आहे. ज्या चौघांना तुम्ही ते सांगितलं, त्यांना एकेकट्याला फोन करा आणि स्पष्ट सांगा: ‘त्यानं एक रुपया वापरला नव्हता, मी खोटं बोललो.’ यासाठी मित्राची परवानगी लागत नाही. ‘तू म्हणशील तर मी लोकांना सांगतो’ असं पत्रात लिहिलंत, तर निर्णयाचं ओझं पुन्हा त्याच्याच डोक्यावर. आधी सांगून मोकळे व्हा, मग कुणाला कधी सांगितलं ते पत्रात कळवा.

आता पत्रातल्या तीन वाक्यांबद्दल. ‘माझ्यामुळे तुला काही त्रास झाला असेल तर’ यातलं ‘असेल तर’ काढा. बैलजोडी गेली, यात शंका कसली? ‘परिस्थितीच अशी आली की माझा नाइलाज झाला’ हेही काढा. पाऊस त्याच्याही शेतात पडला नव्हता. कर्ज थकलं ते दुष्काळानं, मान्य आहे. पण नंबर ब्लॉक करायला दुष्काळानं सांगितलं नव्हतं. हप्ते थकण्याचं कारण एका ओळीत पुरतं, आणि त्याखाली लगेच लिहा की पळून जाणं आणि खोटं बोलणं ही माझी करणी.

तिसरं वाक्य शेवटचं: ‘मोठ्या मनानं माफ कर, म्हणजे मला सुखानं झोप लागेल.’ हे वाक्य तुम्ही सगळ्यात मनापासून लिहिलंय, हे मला दिसतं, आणि तरीही मी ते खोडायला सांगते. माझ्या एका जुन्या मैत्रिणीनं मला असंच पत्र लिहिलं होतं. शेवटी होतं, ‘तुझ्या फोनची वाट बघते.’ चूक तिची, आणि त्या ओळीनंतर महिनाभर देणेकरी मी झाले होते. रोज वाटायचं, आज फोन केला नाही तर आपण वाईट. तुमची झोप ही त्याची जबाबदारी नाही, भाऊ. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये, माफीनाम्यातला कुठला भाग लोकांना पटतो, हे तपासलं होतं. सगळ्यात वर आली जबाबदारीची कबुली, त्याखाली नुकसान भरून देण्याची तयारी. आणि तळाला काय, तर ‘मला माफ कर’ ही विनंती.

पैशाचं नीट ऐका. कर्जदारानं थकवलं आणि जामीनदारानं भरलं, तर ती रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क जामीनदाराला कायद्यानं असतो. पण दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. ती केव्हाच उलटली असावी, म्हणजे आज तो कोर्टात गेला तरी हात हलवत परत यायची भीती. मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम २५ मध्ये एक तरतूद आहे: मुदत संपलेलं देणं फेडीन, असं देणेकऱ्यानं स्वतः लिहून सही केली, तर ते वचन त्याला बांधून घेतं. म्हणून आकडा पत्रात लिहा आणि खाली सही करा. तुमच्याकडं बघून सही केल्यानं त्याचं काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. आता तुमची सही त्याच्या हातात द्या. पण झेपेल तेवढंच लिहा. लाख आधी आणि उरलेले १ लाख ४० हजार दरमहा १० हजारांनी म्हटलं, तर चौदा महिने लागतात. चाकणच्या पगारात १० हजार निघत नसतील तर ७ हजार लिहा, वीस महिने लागू द्या. दुसऱ्यांदा हप्ता चुकला, तर हे पत्र लिहिलं नसतं तर बरं, असं व्हायचं.

मग पत्र काहीसं असं होईल. शब्द तुमचे घाला, तुमच्या बोलीत:

‘तू माझ्या शब्दावर जामीन राहिलास. मी हप्ते थकवले, गाव सोडलं आणि तुझा नंबर बंद केला. तुला बैलजोडी विकून २ लाख ४० हजार भरावे लागले. त्याहून वाईट म्हणजे, निम्मे पैसे तू वापरलेस असं मी चौघांना सांगितलं. ते खोटं होतं. तसं त्या चौघांनाही मी या आठवड्यात सांगितलंय. तुझे २ लाख ४० हजार मी देणं लागतो. एक लाख तयार आहेत, बाकी दरमहा १० हजार देईन. पैसे घेतलेस म्हणजे मला माफ केलंस, असं मी धरणार नाही. या पत्राला उत्तर द्यायची गरज नाही.’

एवढंच. जुन्या आठवणी, विहिरीत पोहायला शिकलो ते, एका ताटात जेवलो ते, काहीही नको. त्या आठवणी त्याच्याही आहेत, आणि त्यांचं काय करायचं ते त्यानं ठरवावं.

येळवशीचा विचार सोडा. कोपीपुढं पूजा मांडलेली, वहिनी भज्जी-आंबील वाढतायत, पाहुणे जेवायला बसलेत, आणि तुम्ही पत्र घेऊन बांधावर उभे. त्या दिवशी शेतात आलेल्याला कुणी उपाशी परत पाठवत नाही. तो तुम्हाला पान वाढेल, मनात असो वा नसो, आणि बघणारे म्हणतील, मिटलं एकदाचं. त्याचा राग त्याच्याच शेतात तुम्ही हिसकावून घ्याल. साध्या टपालानं पाठवा, त्याच्या एकट्याच्या नावानं. व्हॉट्सॲपवर नको, निळ्या खुणा बघत बसाल. कुणा मधल्या माणसाच्या हातीही नको, तो हमखास उत्तर मागेल.

पुढं काहीच झालं नाही, तर काहीच करू नका. दुसरं पत्र नाही, ‘मिळालं का’ नाही. पैसे परत आले तर वेगळ्या खात्यात ठेवा, त्यातून खर्च करू नका, तो मागेल तेव्हा द्यायचे आहेत.

आणि आजच त्याचा नंबर ब्लॉकमधून काढा. फोन तुम्ही करायचा नाही. त्यानं केला तर लागला पाहिजे.