गणपती यंदा ऑगस्टात की सप्टेंबरात? रेल्वे प्रवाशांचे मासिक आकडे स्थिर करताना

माझ्याकडे एका स्थानकाचे मासिक प्रवासीसंख्येचे आकडे आहेत. आधी लॉग घ्यायचा की आधी फरक? आणि दर फेब्रुवारीत आकडा का पडतो?

आधी लॉग. फरक घेतल्यावर काही आकडे ऋण होतात आणि ऋण संख्येचा लॉग निघत नाही. पण त्याआधी लॉगची गरज आहे का ते बघा. दर वर्षाची सरासरी आणि त्याच वर्षातला चढउतार शेजारीशेजारी मांडा. प्रवासी वाढले तशी मे महिन्याची उंचीही त्याच प्रमाणात वाढत असेल, तर लॉग घ्या. उंची वर्षानुवर्षे तेवढीच राहत असेल, तर मूळ आकड्यांवरच काम करा.

फेब्रुवारीचं कोडं सोपं आहे. समजा, जानेवारीत ५.८९ लाख प्रवासी होते आणि फेब्रुवारीत ५.३२ लाख. जवळजवळ १० टक्के घट दिसते. पण ३१ आणि २८ दिवसांनी भागा, दोन्हीकडे रोजचे १९,००० येतात. प्रवासी कमी झालेलेच नाहीत, महिना आखूड आहे. म्हणून मी मासिक बेरजेऐवजी रोजची सरासरी घेतो:

```python
y = np.log(df["pax"] / df.index.days_in_month)
d12 = y.diff(12)
```

बारा महिन्यांचा फरक घेतला की दिवसांची ही गडबड आपोआप निघते, असं कुणी म्हणेल. बहुतेक महिन्यांत निघतेही. उरतो लीप वर्षाचा फेब्रुवारी: २०२३ च्या २८ दिवसांसमोर २०२४ चे २९, म्हणजे साडेतीन टक्क्यांची वाढ फुकटात. पुढच्या फेब्रुवारीत तेवढीच घट.

हंगामी, म्हणजे बारा महिन्यांचा फरक घेतला. आता साधा, म्हणजे एका महिन्याचा फरकही घ्यावा का? एडीएफ चाचणी तर मूळ आकड्यांनाच स्थिर म्हणत होती!

त्या चाचणीवर इतका भरवसा नको. एडीएफ फक्त एकाच प्रकारची अस्थिरता शोधते: पातळी वाट्टेल तशी भरकटते आहे का? दर मे महिन्यात गर्दी आणि पावसाळ्यात ओसर, ही पुनरावृत्ती तिच्या कक्षेत येत नाही. ती तपासायला १२, २४, ३६ महिन्यांच्या अंतरांवरचे स्वसहसंबंध बघा. ते हळूहळू ओसरत असतील, तर हंगामी फरक हवा.

आता या दुसऱ्या, साध्या फरकाबद्दल. प्रवासी दरमहा ठरावीक प्रमाणात वाढत असतील, तर लॉगमध्ये ती सरळ रेषा होते आणि बारा महिन्यांच्या फरकात ती एका स्थिरांकात बदलते. कल वेगळा काढावा लागत नाही. बीजगणितात हे स्पष्ट दिसतं, इथे B म्हणजे एक महिना मागे जाणं:

```
1 - B^12 = (1 - B)(1 + B + B^2 + ... + B^11)
```

हंगामी फरकाच्या पोटात एक साधा फरक आधीच आहे. वर आणखी एक घेतला की तो दोनदा घेतल्यासारखं होतं. वाढीचा दर स्वतःच वर्षांगणिक भरकटत असेल, तरच ते योग्य.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? फरकाआधीचं आणि नंतरचं प्रमाणित विचलन मोजा. दुसऱ्या फरकानंतर ते वाढलं आणि पहिल्या अंतरावरचा स्वसहसंबंध −०.५ च्या आसपास गेला, तर तो फरक मागे घ्या. निव्वळ यादृच्छिक श्रेणीचा फरक घेतला तर प्रचरण दुप्पट होतं आणि हा सहसंबंध नेमका −०.५ येतो. म्हणजे तुम्ही गोंगाटालाच वळण लावलंत. हंगामी फरक घेतलेली श्रेणी हळू ओसरत असेल, पण एका पातळीभोवती परत येत असेल, तर SARIMA (1,0,0)(0,1,1)12 आणि सोबत स्थिरांक इथून सुरुवात करा.

कोकणातल्या एका स्थानकाचे आकडे आहेत. सगळं करूनही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विचित्र दात दिसतात. आणखी एकदा हंगामी फरक घेऊ का?

नको. हा दोष फरकाचा नाही, पंचांगाचा आहे. हंगामी फरक असं धरून चालतो, की यंदाचा सप्टेंबर मागच्या सप्टेंबरसारखाच आहे. गणपतीला हे मान्य नाही. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला.

चाकरमान्यांचं जाणं-येणं चतुर्थीच्या चार दिवस आधीपासून सहा दिवस नंतरपर्यंत चालतं असं धरा, एकूण ११ दिवस. मग प्रत्येक महिन्याच्या वाट्याला त्यातले किती आले ते मोजा. २०२२ मध्ये २७ ते ३१ ऑगस्ट हे ५ दिवस, म्हणजे ऑगस्टला ०.४५ आणि सप्टेंबरला ०.५५. २०२३ आणि २०२४ मध्ये सगळे दिवस सप्टेंबरात: ० आणि १. २०२५ मध्ये २३ ऑगस्टपासून मोजलं तर ऑगस्टला ९ दिवस, म्हणजे ०.८२, आणि सप्टेंबरला ०.१८.

आता याच स्तंभाचा बारा महिन्यांचा फरक घ्या. २०२३ मध्ये ऑगस्ट −०.४५, सप्टेंबर +०.४५. २०२४ मध्ये दोन्ही शून्य. २०२५ मध्ये ऑगस्ट +०.८२, सप्टेंबर −०.८२. तुमचे दात हेच. पुन्हा हंगामी फरक घेतलात तर ते पुढच्या वर्षांत पसरतील.

हा स्तंभ बाह्य चल म्हणून द्या:

```python
SARIMAX(y, exog=X, order=(1,0,0),
        seasonal_order=(0,1,1,12), trend="c")
```

इथे `X` फरक न घेता द्यायचा, कारण मॉडेल दोन्ही बाजूंचा फरक स्वतःच हाताळतं. फरक तुम्ही हातानं घेत असाल, तर `X` चाही घ्या. हे विसरलं तर गुणक निरर्थक येतो आणि प्रोग्राम मात्र बिनतक्रार चालतो. चार आधी, सहा नंतर हा माझा अंदाज आहे. आरक्षणाचे रोजचे आकडे मिळाले तर त्यावरून खिडकी ठरवा. दिवाळीसाठी असाच दुसरा स्तंभ लागेल: २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ चं १२ नोव्हेंबरला.

एप्रिल २०२० चा आकडा शून्य आहे. log(x+1) चालेल का?

नाही. सहा लाखांचा लॉग १३.३ आहे, आणि शून्यात एक मिळवून लॉग घेतला की ० येतो. सणाचा परिणाम लॉगमध्ये ०.१ च्या घरात असेल, तिथे तुम्ही १३.३ चा खड्डा खणताय. शिवाय हंगामी फरक तो खड्डा दोनदा दाखवतो: एप्रिल २०२० मध्ये खाली आणि एप्रिल २०२१ मध्ये वर. एप्रिल २०२० मध्ये प्रवासी गाड्या बंदच होत्या, त्यामुळे तो आकडा मागणीबद्दल काहीच सांगत नाही.

मार्च २०२० पासून निर्बंध असेपर्यंतचे महिने रिकामे ठेवा (`np.nan`). मुंबई लोकलच्या आकड्यांत हा काळ लांब आहे, कारण १५ ऑगस्ट २०२१ ला दोन्ही लसमात्रा घेतलेल्या सर्वसामान्य प्रवाशांना लोकल खुली झाली आणि त्यानंतरही गर्दी एकदम परतली नाही. वरचं मॉडेल रिकाम्या जागा काल्मन फिल्टरनं पार करतं. आधी `diff(12)` करून मग मॉडेल चालवू नका, नाहीतर पुढच्या वर्षाचे तेवढेच महिनेही हातचे जातील.

निर्बंधांनंतर पातळी कायमची बदलली असेल, तर त्या महिन्यापासून १ असलेला स्तंभ घाला. हंगामी फरकानंतर त्याचं रूप सलग बारा महिने १ आणि मग ० असं होतं. तो बदल खरा आहे का, हे ठरवायला किमान ते बारा महिने हाती हवेत.

माझ्याकडे ३६ महिनेच आहेत. आणि शेवटी उत्तर प्रवाशांत कसं आणायचं?

हंगामी फरकात १२ जातात, सोबत साधाही घेतला तर १३, उरतात २३. एवढ्यात हंगामी गुणक विश्वासार्ह ठरत नाही. लॉग, कल आणि थोडे सण-सुट्टीचे स्तंभ एवढ्यावर भागवा. परत येताना `np.exp` घ्या आणि महिन्याच्या दिवसांनी गुणा. येणारं उत्तर मध्यक आहे. सरासरी हवी असेल तर आधी अंदाजाच्या प्रचरणाचा अर्धा भाग लॉगमध्ये मिळवा. वर्षभराचे महिने बेरजेत घेणार असाल, तर ही दुरुस्ती टाळू नका.