तापात दूध बंद केलं आणि गळू झालं

प्रश्न: मला दोन दिवस १०२ ताप आहे, डावीकडे गाठ होऊन दुखतंय, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंय. बाळ दोन महिन्यांचं आहे. सासूबाई अंगावर पाजू देत नाहीत. किती दिवस दूध बंद ठेवू?

एकही दिवस नको. हे वाचून झालं की बाळाला घ्या आणि दुखऱ्या बाजूलाही पाजा.

इतक्या ठामपणे लिहितेय, कारण मी बंद ठेवलं होतं. मालवणजवळचं आमचं गाव, आषाढातला पाऊस, मुलगी दीड महिन्याची. संध्याकाळी हुडहुडी भरली आणि डाव्या छातीवर बाहेरच्या अंगाला पुरीएवढा लाल चट्टा उठला. हात लावला तर दगड. सासूबाई म्हणाल्या, "तापात पाजू नको गो, पोराक बाधतला." सकाळी तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तेही म्हणाले, औषध संपेपर्यंत दूध बंद. दोघांचं एकमत झाल्यावर मी कुठे बोलणार? मुलगी बोंडल्याने डब्याचं दूध प्यायला लागली. माझं दूध आतच तुंबलं. वर शेजारच्या काकींनी खोबरेल लावून, शेकून, गाठ मोडायची म्हणून जोर लावून चोळली. चौथ्या दिवशी ताप १०३, कातडी चकचकीत ताणलेली आणि गाठीच्या मधोमध बोट दाबलं की आत पाणी हलल्यासारखं लागायचं. कणकवलीला सोनोग्राफी केली तर आत पू. सर्जननी सुईने दोनदा काढला आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "पाजणं कोणी थांबवायला सांगितलं?"

दूध तुंबून सूज येते, त्यात जंतू वाढले की ताप येतो. बाळ पीत राहिलं की ते दूध वाहतं राहतं. पाजणं एकदम तोडलं की गळू व्हायची भीती वाढते. त्या दुधाने बाळाला काही होत नाही.

पहिल्याच दिवशी, बंद करण्याआधी, मुलीने डावीकडून तोंड फिरवलं होतं. सासूबाईंनी तेवढंच धरलं, "बघ, दूध नासला." नासलं नव्हतं. सूज आली की दुधात मीठ वाढतं, चव खारट होते, काही बाळं कुरकुरतात. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी ओटीवर उभी राहून भांडले असते. बाळ फारच नाकारत असेल तर हाताने हलकं काढून वाटीचमच्याने द्या. पण सारखं पिळत बसू नका, जास्त काढलं की शरीर जास्त बनवतं आणि सूज वाढते. चोळूही नका. पाजून झाल्यावर गार पाण्याची घडी ठेवा.

औषधाचं म्हणाल तर या दुखण्याला बहुतेक क्लॉक्सासिलिनच्या जातीचं किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट देतात, तापाला पॅरासिटामॉल, सुजेला आयब्युप्रोफेन. ही सगळी पाजताना चालतात. दुधातून बाळाच्या पोटात त्यांचा बारीक अंश जातो. फार तर शी पातळ होईल किंवा तोंडात पांढरं येईल, ते डॉक्टरांना दाखवा. ४८ तासांत ताप उतरला नाही किंवा गाठ मधे मऊ पडली तर सोनोग्राफी करून घ्या. पू निघाला तरी दुसऱ्या बाजूला पाजता येतं, आणि चीर बाळाच्या तोंडापासून दूर असेल तर त्याही बाजूला.

खरंच थांबावं लागतं ते थोड्याच वेळी. कॅन्सरची केमोथेरपी. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा उपचार, त्यात तर त्या बाळापुरतं पाजणं कायमचं आणि उपचाराच्या काही आठवडे आधीच बंद करतात. स्तनावर नागिणीसारखे हर्पीसचे फोड असतील तर ते सुकेपर्यंत तेवढी बाजू. काही स्कॅनच्या औषधांनंतर थोडे तास. थांबणं थोड्या दिवसांचं असेल तर त्या वेळांना दूध काढून टाकत राहावं, नाहीतर आटतं. सर्दी, खोकला, फ्लू, साधा ताप यात थांबायचं नसतं, तोंडाला फडकं बांधा आणि हात धुवा. सर्दीच्या गोळ्या मात्र विचारून घ्या, नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनी दूध कमी होतं.

एक राहिलं, बाळ महिन्याच्या आतलं, कमी दिवसांचं किंवा कावीळ झालेलं असेल तर माझ्यावर विसंबू नका. गोळ्यांची पट्टी बाळाच्या डॉक्टरांना दाखवा, आणि "दूध बंद" म्हणाले तर कोणत्या औषधासाठी ते नाव घेऊन विचारा.

माझी मुलगी नंतर आठवडाभर छातीला लागेना, बोंडल्याची सवय झालेली. चार वर्षांनी धाकट्या जावेला तशीच गाठ, तसाच ताप. सासूबाईंनी पुन्हा डबा आणायला सांगितला. मी आणू दिला नाही. रात्रभर तिच्याशेजारी बसून दर वेळी बाळ तिच्या दुखऱ्या बाजूला लावलं. तिसऱ्या दिवशी ताप गेला, पू झाला नाही.