24 लाखांचं एमबीए परवडेल का?

प्रश्न: मी 27 वर्षांचा. घोडबंदर रोडला आईबाबांसोबत राहतो, ऐरोलीत आयटीत नोकरी, पॅकेज 9 लाख. दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएला प्रवेश मिळतोय, फी 24 लाख. कॉलेज सरासरी पॅकेज 16 लाख सांगतं. कर्जासाठी बँक बाबांचा फ्लॅट तारण मागते आहे. निवृत्तीपर्यंतचा विचार केला तर पैसे वसूल होतील ना?

उत्तर: 16 लाखांची तुलना आजच्या 9 लाखांशी करू नका. नोकरी सोडली नाहीत, तर दहा टक्क्यांच्या वाढीने दोन वर्षांत तुम्ही तसेही 11 लाखांच्या जवळ असाल. म्हणजे फरक 5 लाखांचा. 2025-26च्या नव्या करप्रणालीत 11 लाखांच्या पगारावर आयकर शून्य आहे, 16 लाखांवर मात्र लाखाच्या वर जातो. तेव्हा हातात जास्तीचे पडतील वर्षाला 4 लाख, महिन्याला 33 हजार.

खर्चात फीबरोबर दोन वर्षांचा बुडालेला पगारही धरा, हातात येणारा साधारण 15 लाख. दोन्हींवर दहा टक्के व्याज लावलं, तर पदवी मिळेपर्यंत ही रक्कम 43 लाखांच्या घरात जाते. तिचं वर्षाचं व्याजच 4 लाख 30 हजार! फरक कायम 4 लाखांवरच अडकला, तर साठीपर्यंत नोकरी करूनही वसुली होणार नाही. तोच फरक दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढत गेला, तर साधारण तेरा वर्षांत, म्हणजे बेचाळिशीत पैसे फिटतात आणि पुढची सतरा-अठरा वर्षं निव्वळ फायद्याची. त्यामुळे पहिल्या पॅकेजचं मला फारसं कौतुक नाही.

हा फरक वाढेल की नाही, ते कामावर ठरतं. एमबीए करून पुन्हा आयटीतल्याच प्रोजेक्टवर आलात, तर आजचे सहकारी अनुभवाच्या जोरावर तुम्हाला गाठतील. पदवीशिवाय दार उघडत नाही अशा कामात गेलात, तर अंतर वाढू शकतं. कॉलेजकडे सरासरी नको, मध्यक पॅकेज मागा, म्हणजे सगळी पॅकेजं चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारं. दोन-चार मोठ्या ऑफर सरासरी फुगवतात. सात-आठ वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना गाठून ते आज काय काम करतात तेही विचारा.

कर्जाचं म्हणाल, तर शिकताना आणि नंतर वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. दहा टक्क्यांनी 24चे 30 लाख होतात आणि दहा वर्षांसाठी हप्ता बसतो 39,600 रुपये. वाढीव 33 हजारांत तो मावत नाही. शिकताना आणि त्या पुढच्या वर्षभरातही व्याज भरत गेलात तर हप्ता 31,700वर येतो. (कलम 80ईची व्याजावरची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, ती या हिशेबात धरू नका.)

आयटीतच राहायचं असेल, तर बाबांचा फ्लॅट गहाण टाकू नका. नोकरी सांभाळून होणारा शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम बघा, निदान 15 लाखांचा पगार तरी बुडणार नाही. क्षेत्र बदलायचं असेल आणि मध्यकही 16च्या खाली नसेल, तरच बँकेत जा, आणि शिकतानाचं व्याज कोण भरणार हे आधी घरात ठरवा.