ओव्हरटाइमची बेरीज ७.३५ की ८.१५?

प्रश्न: २.४५, ३.५० आणि १.४० तास कॅल्क्युलेटरवर मिळवले तर ७.३५ येतात, सुपरवायझर ८.१५ म्हणतात. बरोबर कोण?

सुपरवायझर बरोबर आहेत, ८ तास १५ मिनिटं. कॅल्क्युलेटर टिंबानंतर शंभर झाले की हातचा देतो, मिनिटांना तो साठालाच द्यावा लागतो. मी रोज हजेरीपट लावतो, ही चूक दर महिन्याला एकाची तरी असतेच. आधी फक्त मिनिटं मिळवा: ४५ + ५० + ४० = १३५. त्यात साठ दोनदा बसतात, उरतात १५. ते मिनिटांखाली लिहा आणि हातचे २ तासांत धरा: २ + ३ + १ + २ = ८. मात्र पगार काढताना दराला ८.१५ ने गुणू नका. १५ मिनिटं म्हणजे पाव तास, म्हणून ८.२५ ने गुणा.